भोकासमोरची गांधील

2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला, "मागच्या पडवीत गांधील लागलीय. माटोळी बांधायच्या आधी ये नि काय ते बघ." माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळं-नारळांनी भरलेली लाकडी चौकट. मी नोकरीपायी पणजीत असतो, घर डिचोली तालुक्यात. शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा दाजी आधीच पडवीत उभे होते. हातात बांबू, बांबूच्या टोकाला गोणपाट आणि शेजारी रॉकेलचा डबा. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. तेवढ्यावर ते थांबले, हे नशीब.

आमच्या मागच्या भिंतीत पूर्वी एक खिडकी होती. बाबांनी ती बाहेरून चिरे लावून बुजवली आणि आतून फळी ठोकली. मध्ये वीतभर पोकळी राहिली. बाहेरच्या चिऱ्यांत जुन्या पाइपचं एक भोक राहिलंय, दोन बोटं सहज जातील एवढं. त्या भोकासमोर एक मोठी, काळपट माशी हवेत लटकल्यासारखी स्थिर उभी होती. मध्येच बाजूला जाई, पुन्हा समोर येई. मी दहा फुटांवरून मोबाइल काढला आणि कॅमेरा तीनपट पुढे ओढून फोटो घेतले. बऱ्याचशा फोटोंत नुसता धूसर ठिपका. एकात मात्र ती भिंतीवर टेकलेली स्वच्छ आली.

तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत निकाल आले: आग्या मोहोळ, भुंगा, गांधील, आणि एका काकांच्या मते "विषारी आहे, जाळून टाका". नंतर एका कीटकनाशकवाल्याला पाठवला. त्याने बघताच सांगितलं, हॉर्नेट. भोकात पावडर फुंकायची, तासाभराने सिमेंटने बुजवायचं, साडेतीन हजार रुपये. बुधवारी येतो म्हणाला. मीही हो म्हणून बसलो.

खरं सांगायचं तर त्याने फोटो बरोबर वाचला होता. चुकलो होतो मी, आणि कुठे चुकलो ते संध्याकाळी कळलं.

सत्तरी तालुक्यात माझा मावसभाऊ आहे, त्याला आम्ही दादा म्हणतो. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. त्याला फोटो पाठवला तर त्याचा पहिला प्रश्न, "व्हॉट्सॅपवर फोटो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव." तसा पाठवल्यावर त्याने फोन केला आणि मला तोच फोटो मोठा करून बघायला लावला. एकेक गोष्ट तो विचारी, मी बोटांनी चित्र ताणून उत्तर देई.

"पंख कसे आहेत? पाठीवर पसरट की बारीक पट्टीसारखे?"

बारीक पट्टीसारखे होते, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडे जाड. दादा म्हणाला, इथेच मधमाशी बाद. गांधीलमाश्यांच्या कुळातल्या माश्या बसल्या की पुढचे पंख लांबीच्या दिशेने घडी घालतात. मधमाशीच्या पंखाला ही घडी पडत नाही, ते पाठीवर सपाट राहतात. रंग उजेडावर बदलतो, आकार फोटोत फसवतो, पण पंखाची घडी साध्या मोबाइलच्या फोटोतही दिसते.

"आता डोळा बघ. पूर्ण लंबगोल आहे की आतल्या बाजूने खाच आहे?"

खाच होती. काजूगरासारखा डोळा, आणि खाचेत मिशीचं मूळ. ही गांधीलवर्गाची दुसरी खूण. मधमाशीचा डोळा अखंड लंबगोल. तिसरी खूण अंगावरची लव आणि मागचे पाय. मधमाशीच्या छातीवर केसाळ लव असते, मागचा पाय चपटा आणि रुंद, त्यावर पुष्कळदा परागाची पिवळी गोळी. माझ्या फोटोतली माशी तकतकीत होती, पॉलिश केल्यासारखी, आणि पाय काटक.

मग प्रश्न राहिला की गांधील कोणती. आपल्याकडे 'गांधील' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या जनावरांना लावतात. एक, वळचणीला कागदासारखं उघडं पोळं करणारी लुकडी माशी. दुसरी, इंग्रजी वाचणारे जिला हॉर्नेट म्हणतात ती. दादा म्हणाला, पोटाची सुरुवात बघ. लुकड्या गांधिलीचं पोट कमरेकडे हळूहळू निमुळतं होत जातं, किंवा पहिला भाग चक्क देठासारखा असतो. हॉर्नेटचं पोट कमरेला लागूनच एकदम रुंद सुरू होतं, पुढून सुरीने कापल्यासारखं. डोकंही डोळ्यांच्या मागे चांगलंच रुंद. माझी ही दुसरी होती. डोकं तांबूस तपकिरी, छाती काळपट, आणि काळ्या पोटावर वरच्या बाजूला एकच रुंद पिवळा पट्टा. व्हेस्पा ट्रॉपिका, आपल्या भागातली नेहमीची हॉर्नेट. इंटरनेटवर अशा फोटोखाली येलोजॅकेट असं नाव हमखास सापडतं. त्या नावाकडे इथे बसून लक्ष देऊ नये. त्या जातीच्या माश्या भारतात हिमालयाच्या बाजूला आहेत, गोव्यात नाहीत.

मी म्हटलं, "म्हणजे तो माणूस बरोबर होता. हॉर्नेटच."

दादा म्हणाला, "माशी हॉर्नेट आहे. भोक कुणाचं आहे?"

मला कळेना. तो म्हणाला, "घरचं माणूस दारात उभं राहून आत बघत बसतं काय? ते थेट आत जातं. तुझी ही माशी भोकाकडे तोंड करून हवेत उभी आहे म्हणालास ना? मग ती पाहुणी आहे, आणि तीही जेवायला आलेली. आता माशीचा फोटो नको, भोकाचा व्हिडिओ काढ. दोन मिनिटं, हात न हलवता."

पावसाची सर गेल्यावर मी खुर्चीच्या पाठीला मोबाइल टेकवून व्हिडिओ लावला आणि लांब जाऊन उभा राहिलो. नंतर बघितलं तर ज्याकडे सकाळपासून माझं लक्षच गेलं नव्हतं ते त्यात स्पष्ट होतं. भोकाच्या कडेवर, आतल्या अंधाराला चिकटून, बारीक तपकिरी माश्यांची दाटी होती. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीच्या, पोटावर एक रुंद पट्टा नव्हे तर बऱ्याच बारीक फिकट रेघा. हॉर्नेट जवळ आली की त्या सगळ्या एकाच वेळी पोट वर करून थरारत. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत लाट गेल्यासारखं दिसे, आणि हॉर्नेट चारेक इंच मागे सरके. पण बाहेरून परतणारी एखादी सावकाश आली की हॉर्नेट तिला हवेतच पकडून समोरच्या पेरूच्या फांदीवर नेऊन बसे. तिथे ती डोकं, पंख, पाय कापून टाकते आणि छातीचा मांसल गोळा पिल्लांसाठी नेते. पेरूखालच्या फरशीवर मला नंतर ते सुटे पंख सापडले. सकाळी मी त्यांवरूनच चालत गेलो होतो.

त्या सातेरी मधमाश्या होत्या.

आईने नाव ऐकलं आणि विषय तिथेच मिटला. आमच्याकडे सातेरी म्हटलं की आधी वारुळातली देवी आठवते, माशी नंतर. "सातेरीला घरातून जाळून काढणार? चवथीच्या तोंडावर?" दाजींनी रॉकेलचा डबा गुपचूप गोठ्यात नेऊन ठेवला. मी कीटकनाशकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

पावडर फुंकली असती तर काय झालं असतं, ते दादाने सांगितलं. सातेरीचं पोळं मेणाचं असतं, एकाला एक समांतर, उभी टांगलेली पानं. त्यात अंडी, अळ्या, पराग, मध. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून ते थंड आणि कोरडं ठेवतात. माश्या मेल्या की हे काम करणारं कुणी उरत नाही. अळ्या कुजतात, मध ओलावा धरून आंबतो आणि पाझरतो, मुंग्या येतात, मेणकिडा लागतो. वर भोक सिमेंटने बंद, म्हणजे सगळी घाण आतल्या फळीतून खोलीत. त्यात विष मिसळलेलं, म्हणजे पुसायलाही हात घालायची चोरी. हॉर्नेट मात्र मजेत दुसऱ्या पोळ्यावर गेली असती.

म्हणून दादाचा क्रम असा: आधी माशी कुठल्या गटातली ते ओळखायचं, मग घर तिचंच आहे का ते बघायचं, मगच काढायचं की ठेवायचं ते ठरवायचं. मी पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारली होती.

पण पोळं लगेच हलवायला तो तयार नव्हता. पावसात बाहेर फुलोरा कमी, पोळ्यात साठा कमी. अशा वेळी पोळं कापून पेटीत भरलं तर सातेरी पेटी सोडून उडून जाते. पाऊस संपू दे, म्हणाला. तोवर हॉर्नेटचा बंदोबस्त करायचा. रविवारी तिन्हीसांजेला तो आला. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून त्याने त्याला साडेपाच मिलिमीटर उंचीच्या आडव्या फटी पाडल्या होत्या. पेन्सिल शिरणार नाही एवढी फट. त्यातून सातेरी आरामात जाते, हॉर्नेटची छाती अडकते. धुरकांड्यात काथ्या पेटवून त्याने दोन फुंकर धूर दिला, माश्या आत सरकल्या, आणि पत्रा चार खिळ्यांनी बसवला. याने दारात उभ्या हॉर्नेटची शिकार थांबत नाही, पण तिला आत शिरून पोळंच लुटता येत नाही.

त्या गडबडीत मला एक डंख बसला, मनगटावर. दादाने हात ओढून बॅटरी मारली आणि म्हणाला, "आता हा पण फोटो काढ." कातडीत काळा बारीक काटा रुतलेला, त्याच्या टोकाला पांढुरकी पिशवी, आणि ती पिशवी माशी निघून गेल्यावरही आपली आपण आकसत होती. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे नांगी पिशवीसकट आपल्या कातडीत राहते आणि विष सोडत राहते. ती ताबडतोब काढायची. नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, वेळ घालवू नका एवढंच. गांधील आणि हॉर्नेटची नांगी गुळगुळीत, ती मागे राहत नाही, आणि तीच माशी चार-चार वेळा डंख मारू शकते. मनगटाला पिकल्या केळ्यासारखा वास येत होता. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना "इथे मारा" असा निरोप असतो. हात साबणाने धुऊन मी पडवीत परतलो नाही.

माटोळीची लाकडी चौकट काढली तेव्हा आणखी एक प्रकरण निघालं. चौकट वर्षभर आडव्या वाशाला टांगलेली असते, तिच्या खालच्या अंगाला करड्या कागदाचं पोळं होतं, पन्नास पैशांच्या जुन्या नाण्याच्या दुप्पट. एकाच बारीक देठावर लटकलेलं, घरं उघडी, तोंडं खाली, एकच थर, बाहेर आवरण नाही. वर तेराएक लुकड्या, तांबूस माश्या. यावेळी मी फोटो काढून स्वतःच वाचला: पंख घडी घातलेले, पोटाचा पहिला भाग देठासारखा. कागदी गांधील, रोपालिडिया नावाची. यांचं पोळं वळचणीला उंचावर असतं तर मी हातही लावला नसता, पण माटोळीवर नारळ, सुपाऱ्या, फळं बांधणारे हात तिथेच जाणार होते. रात्री साडेआठला, माश्या पोळ्यावर गप्प असताना, बॅटरीला लाल कागद लावून मी रुंद तोंडाची बरणी खालून वर नेली, पोळं पूर्ण आत घेतलं आणि चौकट आणि बरणीचं तोंड यांच्यामध्ये पातळ पुठ्ठा सरकवून देठ कापला. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. बरणी सकाळी माडांच्या भाटाच्या टोकाला उघडली. चौकटीवरचा देठाचा डाग खरवडून तेलाने पुसला. मेण नाही, मध नाही, त्यामुळे मागे कुजण्यासारखं काही राहत नाही.

आता हॉर्नेटचं स्वतःचं घर. पेरूवरून उठून ती दर खेपेला एकाच दिशेला जाई, बांधाकडे. दादा आणि मी दुसऱ्या दिवशी लांबून मागोवा घेत गेलो. आमच्याकडच्या कुळागराच्या बांधात, पडलेल्या माडाच्या खोडाखाली एक बीळ होतं आणि तिथे माश्या थेट आत जात होत्या, कुणी दारात घुटमळत नव्हती. मी आपसूक मोबाइल काढला, दादाने हात खाली केला. "इथे फोटो नको." हॉर्नेटच्या बिळाजवळ पावलांचा हादरा पुरतो. ते पोळं आम्ही काढलं नाही. घरापासून लांब होतं, वाटेवर नव्हतं. चारी बाजूंनी पंधरा पावलं सोडून काठ्या रोवल्या, दोरीला लाल फडकी बांधली, आणि गवत काढणाऱ्यांना त्या भागात जाऊ नका म्हणून सांगितलं. घराला लागून असतं तर पोशाख आणि अनुभव असलेल्या माणसाकडूनच काढलं असतं, तेही रात्री. बिळात रॉकेल ओतून पळणारे शूर वीर प्रत्येक गावात असतात. हॉर्नेटचे पुष्कळ डंख बसले तर माणूस त्या रात्री ठीक वाटतो आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. म्हणून डंख बरेच असतील तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात जायचं. आणि एकाच डंखाने अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर तेवढंही थांबायचं नाही, 108 लावायचा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, 27 ऑक्टोबरला, दादा पेटी घेऊन आला. आधी त्याने आम्हा सगळ्यांना विचारलं, पूर्वी डंखाने कुणाला घुसमटल्यासारखं झालं होतं काय. नाही म्हटल्यावरच आतली फळी उचकटली. बाहेरच्या भोकातून धूर, आतून पक्कड. फळीमागे सहा पानं लटकत होती, सर्वांत मोठं हाताच्या पंजाएवढं रुंद आणि कोपरापर्यंत लांब. कडेच्या दोन पानांत मध, मधल्या चारांत पिल्लं. मधाची पानं त्याने वेगळी ठेवली, ती जड असतात आणि बांधली तर घसरून राणीला चिरडतात. पिल्लांची चार पानं चौकटीच्या मापाने कापली आणि केळीच्या सोपाच्या ओल्या पट्ट्यांनी चौकटीत बांधली. दोन-तीन दिवसांत माश्या स्वतः मेणाने ती चिकटवतात आणि सोप कुरतडून बाहेर फेकतात.

राणी तिसऱ्या पानावर होती. काळपट, लांब पोटाची, आणि तिच्याभोवती थोडी मोकळी जागा, देवळात मानकऱ्याला वाट करून देतात तशी. ती छोट्या पिंजऱ्यात गेली, पिंजरा पेटीत, आणि मग अर्ध्या तासात उरलेल्या माश्या भिंत सोडून पेटीकडे चालत निघाल्या. उडत नाही, चालत, फळीवरून मुंग्यांच्या रांगेसारख्या. पेटीचं दार भिंतीतल्या भोकाच्या अगदी जवळ ठेवलं, म्हणजे रानात गेलेल्या संध्याकाळी परतल्या की तिथेच शिरतील. अंधार पडल्यावर दाराला जाळी ठोकून पेटी दादाच्या गाडीत गेली. जवळपास ठेवली असती तर सकाळी माश्या जुन्या पत्त्यावर परत आल्या असत्या. कुळागरात पोचल्यावर त्याने दारावर राणी अडवणारा पत्रा बसवला आणि आठवडाभर रोज संध्याकाळी साखरपाणी दिलं, निम्मी साखर निम्मं पाणी.

पोकळी रिकामी झाली तरी काम उरलं होतं. मेणाचा शेवटचा कण खरवडला, गरम पाण्याने दोनदा धुतलं, चुना फासला, मग चिऱ्याचे तुकडे आणि सिमेंट भरून भोक बंद केलं. जुन्या मेणाचा वास नव्या थव्याला दुरून बोलावतो. दोन पानांतून निघालेला मध पाऊण बाटली भरला. आईने त्यातला चमचाभर देवापुढे ठेवला आणि बाकीचा दाजींना दिला, का ते ती सांगेना.

यंदा मार्चमध्ये मी घरी होतो. दुपारी पडवीत बसलो असताना चार सातेरी त्या बुजवलेल्या भोकाभोवती फिरताना दिसल्या. चिऱ्याच्या सांध्यावर चालत, मिशा टेकवत, कडेकडेने पूर्ण फेरी मारली. एकीने सिमेंटचा कोपरा बराच वेळ तपासला. मग त्या पेरूवरून पलीकडे गेल्या. मी उठून आतल्या फळीला कान लावून बघितलं.